‘इनाम’ आणि ‘वतन’ : घरच्या दप्तरातील दोन शब्दांचा अर्थ

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील जुन्या घरांत वाटणी, विक्री किंवा वारसाची नोंद करण्याचा प्रसंग आला, म्हणजे माळ्यावरचे लाल फडक्यातील दप्तर खाली येते. त्यात मोडीतील काही पत्रे असतात, उर्दू-फारसीतील शिक्क्याचे कागद असतात आणि अलीकडचे सातबारा उतारे असतात. घरातील वडीलधारी माणसे तेव्हा “ही आपली इनामाची जमीन”, “आपल्याकडे वतन होते” असे अभिमानाने सांगतात. ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द मानाचे आणि जवळपास एकाच अर्थाचे वाटतात. महसुली व्यवहारात मात्र त्यांचे अर्थ पूर्णपणे भिन्न होते. कागदावर यांपैकी कोणता शब्द आहे आणि त्याच्या मागे-पुढे कोणती अट लिहिली आहे, यावर ते शेत कुटुंबाचे होते की नव्हते, ते विकता येते की नाही, मंदिरास दान देता येते की नाही, हे आजही ठरते. म्हणून या दोन शब्दांचा उलगडा करणे उचित ठरेल.

शब्दांचे मूळ

दोन्ही शब्द अरबी आहेत आणि फारसीच्या मार्गाने दक्षिणेतील सुलतानांच्या दप्तरांतून मराठीत रुळले. ‘इनाम’ म्हणजे कृपेने दिलेली देणगी. ‘वतन’ म्हणजे मूळ ठिकाण, राहण्याची जागा. हिंदी-उर्दूत आजही वतन म्हणजे मायभूमी. दक्षिणेत मात्र या शब्दाने निराळे वळण घेतले. एखाद्या गावात किंवा परगण्यात पिढीजात चालत आलेले काम आणि त्या कामाबद्दल मिळणारे हक्क मिळून वतन होऊ लागले. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, जोशी, चौगुला, महार हे सर्व वतनदारच होते. कामाचा दर्जा वेगळा आणि मान वेगळा असला, तरी ‘वंशपरंपरेचे काम आणि त्याचा मोबदला’ हे सूत्र सर्वांना समान होते.

यावरून मुख्य भेद स्पष्ट होतो. वतनाच्या मुळाशी काम आहे, इनामाच्या मुळाशी देणे आहे. वतनदाराला हक्क मिळत ते तो काही करतो म्हणून. इनामदाराला इनाम मिळे ते राज्यकर्त्याने द्यायचे ठरविले म्हणून. घोटाळा होतो तो असा की, वतनदाराला कामाच्या मोबदल्यात पुष्कळदा जमीनही दिली जात असे आणि त्या जमिनीलाही लोक ‘पाटलाचे इनाम’ असेच म्हणत. अशा वेळी इनाम हा वतनाचाच एक भाग असे आणि काम सुटले की त्या जमिनीचा आधारही डळमळीत होई.

वतनाचा आणखी एक विशेष म्हणजे ते मालमत्तेप्रमाणे वाटले जाई. भावाभावांत त्याच्या तक्षिमा, म्हणजे वाटे पडत. अडचणीत ते गहाण पडे, प्रसंगी विकलेही जाई. मात्र त्यासाठी गोतसभेसमोर, म्हणजे इतर वतनदार आणि गावकरी यांच्या साक्षीने महजर लिहून घ्यावा लागे. त्यामुळे दप्तरात महजर सापडला, तर तो बहुधा वतनाचा वाद किंवा वतनाचा व्यवहार दर्शवितो. राज्यकर्ते बदलले तरी वतनदार बदलत नसत, आणि याच कारणाने राज्यकर्त्यांना त्यांचा धाकही वाटे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंद, मानले आहे ते याच अर्थाने.

माहूरची देशमुखी

हा भेद स्पष्ट करणारे उदाहरण नांदेड जिल्ह्यातच आहे. माहूर परगण्याची देशमुखी सतराव्या शतकात उदाराम देशमुखांच्या घराण्याकडे होती. निजामशाहीच्या पडत्या काळात उदाराम मोगलांना मिळाले आणि त्यांना मनसब मिळाली. पुढे या घराण्यातील सावित्रीबाई यांनी स्वतः फौजेचे नेतृत्व केले. बादशहा औरंगजेबाने त्यांना ‘रायबागन’ हा किताब दिला आणि त्याच नावाने त्या इतिहासात ओळखल्या जातात. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली, तेव्हा खानाच्या सैन्यात त्याही होत्या.

या घराण्याकडे दोन प्रकारची प्राप्ती होती. देशमुखी हे वतन होते. परगण्यातील वसुलावर देखरेख ठेवणे हे काम आणि त्याबद्दल वसुलातील ठरावीक हक्क असे तिचे स्वरूप होते आणि ती पिढीजात होती. मनसबीच्या खर्चासाठी मिळणारी जहागीर मात्र चाकरीपुरती असे. मोगली पद्धतीत जहागीर वारंवार बदलली जाई आणि मनसबदाराच्या निधनानंतर ती सरकारात परत जाई. एकाच घराच्या दप्तरात देशमुखीचा कागद आणि जहागिरीचा कागद शेजारी शेजारी असू शकतात. पण पहिला नातवाला लागू पडे, दुसरा मुलालाही लागू पडेलच असे नाही. कुटुंबाच्या कथेत मात्र दोन्ही मिळून ‘आपली जहागीर’ होऊन बसते.

एका शेतावर तीन हक्क

आजच्या मनाला जमिनीचा एकच मालक असतो. जुन्या व्यवस्थेत तसे नव्हते. शेत कसणारा कुणबी मिरासदार असे. म्हणजे सारा भरीत राही तोवर त्याला शेतावरून कोणी उठवीत नसे. गावचा पाटील-कुलकर्णी आपल्या वतनाचे हक्क त्याच पिकातून घेई. आणि सरकार आपला सारा घेई. आता सरकारने त्या गावातील काही जमीन कोणाला इनाम दिली, तर सामान्यतः सरकारने आपल्या वाट्याचा सारा त्या व्यक्तीच्या स्वाधीन केला एवढाच त्याचा अर्थ होई. कुणबी आपल्या जागी आणि पाटील आपल्या जागी तसाच राही.

जुन्या इनामपत्रांतील ठराविक शब्दांत हे सारे नमूद असते. ‘कुलबाब कुलकानू’ म्हणजे सर्व बाबी आणि सर्व पट्ट्यांसह. ‘हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी’ म्हणजे आजच्या आणि पुढे बसतील त्या पट्ट्या माफ. आणि त्यानंतर येणारे ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ हे तीन-चार शब्द तर सर्वांत महत्त्वाचे. त्यांचा अर्थ असा की, या देणगीतून गावातील आधीचे वतनी हक्क आणि आधीची इनामे वगळली आहेत. म्हणजे नव्या इनामदाराने पाटलाचा हक्क बुडवू नये. ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरा’ असे शब्द असल्यास देणगी पिढीजात समजावी. ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’ हा हुकूम मामलेदारासाठी असे. दरसाल नवे पत्र न मागता हेच पत्र मानावे, असे त्यात सांगितलेले असते.

आपल्या भागात आणखी एक गुंतागुंत होती. निजामाचे राज्य १७२४ पासून सुरू झाले तरी मराठे येथून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करीत असत. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत निजामाचा पराभव झाला आणि बराच मुलूख मराठ्यांकडे गेला. अशा दुहेरी अंमलाच्या काळात शहाणे इनामदार दोन्ही सरकारांकडून कागद करून घेत. म्हणून एकाच शेताबद्दल एक मोडी सनद आणि एक फारसी परवाना सापडला, तर ती दोन शेते समजू नयेत.

पेठेतील वतन

व्यापारी कुटुंबांना वतन मिळत नसे, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. खेड्यात जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे पेठेत शेटे आणि महाजन असत. पेठ वसविणे, बाहेरच्या व्यापाऱ्यांना कौल देऊन आणून बसविणे, त्यांच्यातील तंटे मिटविणे आणि सरकारी बाबींचा भरणा करवून घेणे हे शेट्याचे काम होते. पेठेचा हिशेब-लेखनाचा भाग महाजनाकडे असे. या कामाबद्दल दुकानांवर आणि बाजारात येणाऱ्या मालावर त्यांचे ठरावीक हक्क असत. सणासमारंभात मानपान असे आणि काही ठिकाणी जमीनही असे. महाराष्ट्रातील जैन, लिंगायत, वाणी, कासार इत्यादी समाजांत शेटे आणि महाजन ही आडनावे दिसतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा हा पेशा असतो.

दप्तरातील मोडी पत्रात ‘शेटेपण’ किंवा ‘महाजनकी’ हा शब्द दिसला, तर तो जमिनीच्या मालकीचा पुरावा समजू नये. तो पेठेतील कामाचा आणि हक्काचा पुरावा होय. पेठ उठली किंवा बाजार दुसरीकडे गेला की हक्काचे उत्पन्न आटे आणि मागे फक्त आडनाव राही. जमीन स्वतंत्र शब्दांत, मोजमापासह लिहिली असेल तरच ती होती असे म्हणता येईल. असे मोजमाप चावर किंवा बिघ्यात असते; एका चावरात १२० बिघे धरीत.

निजामी राजवटीतील बदल

एकोणिसाव्या शतकात पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले (१८५३ ते १८८३), तेव्हा वतनांचा पाया हलला. तोवर वसूल देशमुख-देशपांड्यांच्या किंवा मक्तेदारांच्या हातून होत असे. सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि पगारी तालुकदार व तहसीलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांचे काम संपले. मात्र त्यांचा हक्क एकाएकी बुडविला नाही. वसुलाच्या प्रमाणात त्यांना रोख रक्कम मिळू लागली. तिला ‘रुसूम’ म्हणत. म्हणजे वतनातील काम गेले आणि मोबदला तेवढा शिल्लक राहिला. गावपातळीवरील पाटील आणि पटवारी मात्र निजामी राजवट असेपर्यंत आपापल्या कामावर कायम होते.

इनामांचीही तपासणी झाली. ज्याच्याकडे सनद आहे त्याने ती दाखवावी, वहिवाट सिद्ध करावी आणि मग सरकारने हक्क मान्य करावा, अशी पद्धत होती. हे काम अतियात खात्याकडे असे. चौकशीअंती जो निर्णयाचा कागद मिळे त्याला ‘मुंतखब’ म्हणतात. मूळ सनद हरवली असेल आणि मुंतखब असेल, तरी चालण्यासारखे आहे. कारण त्यात गाव, सर्व्हे नंबर, उत्पन्न, हिस्सेदारांची नावे आणि देणगीची अट हे सर्व एकत्र मिळते. इनामदाराच्या मृत्यूनंतर ‘विरासत’ची चौकशी होऊन वारसांची नावे नव्याने लागत.

मुंतखबात अटीचा शब्द शोधावा. ‘मदद-ए-माश’, बोलीभाषेत मदतमाश, म्हणजे कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली देणगी. तिच्यामागे सेवेची अट नसते. ‘खिदमतमाश’ किंवा ‘मशरूत-उल-खिदमत’ म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली देणगी. मंदिर, मशीद, दर्गा किंवा मठ यांची पूजा, दिवाबत्ती, झाडलोट चालावी म्हणून ती दिलेली असते. कागदावर नाव एखाद्या गृहस्थाचे असले, तरी लाभ संस्थेचा असतो. तो गृहस्थ केवळ सेवेकरी किंवा वहिवाटदार असतो. या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने कितीतरी घरांत मंदिराच्या जमिनीच्या वाटण्या भावाभावांत झाल्या आणि पुढे न्यायालयात टिकल्या नाहीत.

ही राजवट संपल्यावर

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १५ ऑगस्ट १९४९ च्या विनियमाने जहागिरी रद्द झाल्या. इनामांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नाव ‘हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याबाबत अधिनियम, १९५४’ असे आहे. तो जुलै १९५५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. परंतु मराठवाड्यात त्यातील मुख्य तरतुदी १ जुलै १९६० पासून अमलात आल्या. म्हणून येथील इनामांच्या इतिहासात हा दिवस निर्णायक ठरतो. त्या दिवशी इनामी हक्क सरकारजमा झाला आणि जमीन प्रत्यक्ष धारण करणाऱ्याच्या नावे भोगवट्याचा हक्क देण्याची प्रक्रिया सुरू झाली. धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे मात्र या कायद्यातून वगळली होती.

येथेच जुन्या ‘तीन हक्कां’चा अर्थ पुन्हा पुढे आला. इनामदार स्वतः शेत कसत असेल तर भोगवटा त्याला मिळे. पण शेत कुळाकडे असेल, किंवा इनाम देण्याच्या वेळेपासून कोणी ते धरून असेल आणि इनामदाराला फक्त सारा देत असेल, तर हक्क त्या कुळाला मिळे. अशा जुन्या धारकाला कायद्यात ‘काबीज-ए-कदीम’ असे नाव आहे. “कुळाने आमची जमीन खाल्ली” ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. कागद पाहिल्यास अनेकदा असे दिसते की, त्या घराला मूळ देणगीच साऱ्याची मिळाली होती, मातीची नव्हे. सारा घेण्याचा हक्क संपला, त्याचा कायद्याने ठरलेला मोबदला देय झाला आणि माती कसणाऱ्याकडे राहिली.

ज्यांना भोगवटा मिळाला त्यांनाही तो नव्या शर्तीवर मिळाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ती जमीन विकता, दान देता किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करता येत नसे. सातबाऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंद त्याचीच खूण आहे. पुढे विनापरवाना झालेले व्यवहार नजराणा घेऊन नियमित करण्याची तरतूद २०१५ साली करण्यात आली. त्या वेळी नजराणा बाजारमूल्याच्या ५० टक्के होता. २०२४ साली मदतमाश जमिनींसाठी तो ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पश्चिम महाराष्ट्रातील पुस्तकांत किंवा नातेवाइकांच्या बोलण्यात ‘परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याचा १९५० चा कायदा’ किंवा ‘इनाम वर्ग ३, वर्ग ६’ असे उल्लेख येतात. ती मुंबई इलाख्याची व्यवस्था होती. बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती आणि लातूर निजामाच्या. रेल्वेने दोन्ही गावे जोडलेली असली तरी जमिनीचा कायदा वेगळा होता. एका कुटुंबाची एक जमीन बार्शीकडे आणि दुसरी लातूरकडे असेल, तर दोन्हींचा विचार दोन निराळ्या कायद्यांनी करावा लागतो.

एक दप्तर उलगडताना

हे सर्व एका उदाहरणात पाहू. समजा, अहमदपूर परिसरातील एका व्यापारी कुटुंबाच्या दप्तरात पुढील कागद आहेत. पहिला मोडीतील असून त्यावर ‘सन सितैन मया व अलफ’ असे लिहिले आहे. दुसरा उर्दूतील मुंतखब असून त्यावर मेहेर १३३८ फसली अशी तारीख आहे आणि त्यात तीन सर्व्हे नंबर आहेत. तिसरा सेतवाराचा उतारा असून त्यात एका चौथ्या नंबरापुढे कुटुंबातील पूर्वजाचे नाव पट्टेदार म्हणून आहे. घरची समजूत अशी की, चारही शेते इनामाची आणि आपल्या मालकीची.

प्रथम साले लावावीत. सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. हा शुहूर सन ११६० झाला. या सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे. म्हणजे हा कागद १७५९-६० सालचा, उदगीरच्या लढाईच्या वर्षातील आहे. हैदराबादच्या फसली सनास वेगळा हिशेब लागतो. तो ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्यात सुरू होई. डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढे ५९१ मिळवावे. मेहेर हा अकरावा महिना, म्हणून मेहेर १३३८ म्हणजे १९२९ चा ऑगस्ट-सप्टेंबर. उत्तर हिंदुस्थानातील फसली सनाचा हिशेब याला लावल्यास चूक होते.

आता शब्द पाहावेत. मोडी कागदात ‘पेठेचे शेटेपण’ आहे आणि हक्कांची यादी आहे; जमिनीचे मोजमाप नाही. म्हणजे हे वतन होते आणि त्याचा आजच्या चारही शेतांशी संबंध नाही. मुंतखबातील पहिल्या दोन नंबरांपुढे ‘मदद-ए-माश’ असून कुटुंबाचा हिस्सा आठ आणे लिहिला आहे. म्हणजे देणगी बिनसेवेची होती, पण निम्मीच या घराची होती. उरलेल्या आठ आण्यांचे वारस दुसरे आहेत आणि ते आज कोठे आहेत हे पाहणे भाग आहे. तिसऱ्या नंबरापुढे ‘मशरूत’ असून मंदिराच्या दिवाबत्तीचा उल्लेख आहे. हे शेत मुळातच मंदिराचे ठरते.

त्यानंतर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढावे. जमीन प्रत्यक्ष कोण कसत होते हे त्यात कळते. समजा, मदतमाशच्या पहिल्या नंबरात कुटुंबाची स्वतःची वहिवाट आहे आणि दुसऱ्यात कुळाचे नाव आहे. तर पहिल्यात १९६० नंतर भोगवटा मिळण्यास हे कुटुंब आपल्या हिश्श्यापुरते पात्र होते आणि त्यावर नव्या शर्तीचे बंधन आहे. दुसऱ्यात हक्क कुळाकडे गेला. तेथे कोणी अन्याय केला असे म्हणता येत नाही. चौथा नंबर मात्र कोणत्याही इनामात नाही. तो सेतवारात पट्ट्याचा आहे, सारा भरून धरलेला आहे. ज्या शेताबद्दल घरात सर्वांत कमी बोलले जाते, तेच खऱ्या अर्थाने निर्वेध मालकीचे ठरते.

शेवटी फेरफार क्रमाने लावून आजच्या सातबाऱ्यापर्यंत यावे. मध्ये एखादा फेरफार असा दिसतो की, त्यात ‘इनाम’, ‘मदतमाश’ किंवा ‘खिदमतमाश’ हा शब्द गळून पडला आणि जमीन साधी वर्ग १ झाली. शब्द गळाला म्हणून बंधन गळत नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाचा क्रमांक त्या फेरफारात असेल तर बदल खरा. नसेल तर ती केवळ लेखणीची चूक असू शकते आणि खरेदीदार पुढे अडचणीत येतो.

कागद कोठे शोधावेत

आपल्या जिल्ह्यांच्या सीमा अनेकदा बदलल्या, त्यामुळे ‘कागद मिळत नाही’ अशी निराशा पुष्कळांच्या पदरी येते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. त्याहीआधी अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद संस्थानात बिदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते आपल्याकडे आले. किनवट-माहूरचा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. उलट मुधोळ आणि भैंसा नांदेडमधून तेलंगणाच्या बाजूस गेले. त्यामुळे उदगीरच्या शेताचा जुना कागद बिदरच्या नावाने आणि माहूरचा आदिलाबादच्या नावाने शोधावा लागतो. निजामी सरकारची मध्यवर्ती दप्तरे हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहेत.

मंदिराच्या विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे

आपल्या समाजात शेताचे दान मंदिरास, पाठशाळेस किंवा पांजरपोळास देण्याची परंपरा आहे. देणाऱ्याचा भाव शुद्ध असतो. पण जमीन नव्या शर्तीची असेल आणि परवानगी घेतली नसेल, तर दानपत्र नोंदवूनही संस्थेचा हक्क पक्का होत नाही. काही पिढ्यांनंतर दात्याचे वारस आणि संस्था एकमेकांसमोर उभे राहतात आणि दोघेही प्रामाणिक असूनही तंटा होतो. म्हणून दानाचा स्वीकार करण्यापूर्वी सातबाऱ्याबरोबर खासरा पत्रक आणि असल्यास मुंतखब मागून घ्यावा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एखाद्या घराच्या नावे असलेले शेत प्रत्यक्षात मंदिराच्या सेवेचे असेल, तर त्या घराण्याने त्याचा सांभाळ केला ही गोष्ट मानाची आहे. त्यावरून मालकी मात्र सिद्ध होत नाही. ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, देवस्थानाच्या जमिनीची मालकी देवतेची असते आणि पुजारी हा तिचा व्यवस्थापक असतो. निजामी मुंतखबातील ‘मशरूत’ या एका शब्दाचा आशय हाच होता.

इनाम आणि वतन हे शब्द आता व्यवहारातून गेले आहेत. शर्यतीतील बक्षिसाला इनाम म्हणतात आणि वतन हा शब्द गाण्यांत ऐकू येतो. दप्तरातील कागदांवर मात्र ते आपल्या जुन्या अर्थानेच उभे आहेत. मोडी आणि उर्दू वाचू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ती आपल्या गावात आहेत तोवर प्रत्येक घराने आपल्या कागदांचे देवनागरीत वाचन करून घ्यावे आणि प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे एवढेच लिहून ठेवावे : वतन की इनाम, सेवेचे की बिनसेवेचे, हिस्सा किती आणि १९६० साली कसत कोण होते. या चार उत्तरांनी पुढील पिढीचे अनेक तंटे उंबऱ्यावरच थांबतील.